शॉकअप गेला म्हणजे समीकरणातलं काय गेलं?

शॉकअप गेलाय का हे पाहायला मेकॅनिक गाडीचा कोपरा जोरात दाबतो आणि सोडून देतो. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. डुलतच राहिली तर शॉकअप बदलायचा. या डुलण्याचं विकलक समीकरण असं आहे:

m x″ + c x′ + k x = 0

x म्हणजे गाडी स्थिर जागेपासून किती सरकली ते अंतर, x′ तिचा वेग, x″ त्वरण. m हे वस्तुमान, k स्प्रिंगचा ताठपणा. c शॉकअपचा: त्यातल्या पिस्टनला बारीक छिद्रांतून तेल ढकलावं लागतं, म्हणून वेग जितका जास्त तितका विरोध जास्त. स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करते, शॉकअप ती उष्णतेत घालवतो.

एका चाकावर ३०० किलो वस्तुमान आणि k मीटरला १९,२०० न्यूटन धरू. c² आणि 4mk समान होतात तेव्हा c येतो ४,८००. ही सीमा, म्हणजे क्रांतिक अवमंदन. १० सेंमी दाबून सोडलेली गाडी अर्ध्या सेकंदात ०.९ सेंमीवर येते आणि पलीकडे न जाता थांबते.

c दुप्पट केला तर? गाडी आणखी लवकर थांबेल असं वाटतं, पण अर्ध्या सेकंदानंतरही ती ३.७ सेंमी दबलेलीच असते. स्प्रिंगचा जोर तेवढाच, तेलाची अडवणूक मात्र वाढलेली. हे अति-अवमंदन. खडबडीत रस्त्यावर एका दणक्यातून सावरण्याआधीच दुसरा बसतो आणि गाडी खाली खाली बसत जाते.

मग सीमेवरचाच शॉकअप का बसवत नाहीत? खड्ड्याच्या कडेवर चाक झटकन वर उडतं. C मोठा असेल तर तो झटका थेट सीटपर्यंत पोचतो. म्हणून प्रवासी गाडीत c बहुधा सीमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे मुद्दाम थोडं डुलू देतात. c १,४४० असेल तर एका पूर्ण हेलकाव्यानंतर १० सेंमीचे १.४ सेंमी उरतात. तेल गळून c ४८० वर आला की उरतात ५.३, मग २.८, मग १.५.

इथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हेलकाव्याच्या वेळेत आहे. चांगल्या शॉकअपला एका हेलकाव्याला ०.८२ सेकंद लागतात, खराब झालेल्याला ०.७९. हा फरक डोळ्यांना कळणारच नाही. डुलण्याची लय प्रामुख्याने स्प्रिंग आणि वस्तुमान ठरवतात. शॉकअपची तब्येत कळते ती लागोपाठच्या दोन उंचींच्या गुणोत्तरातून, आणि त्यावरून c मोजताही येतो.

प्रत्यक्षात शॉकअप दबताना आणि ताणताना वेगवेगळा विरोध करतो. शिवाय सांध्यांतलं घर्षणही डुलणं थांबवतं, त्यामुळे अर्धवट गेलेला शॉकअप हाताने दाबून केलेल्या चाचणीत सहज पास होतो. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, हेही पाहावं लागतं.