शेवटचे तीस अंश

रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यांत रस डब्यात भरण्याआधी तापवतात. लहान कारखान्यांत हे काम बहुधा स्टेनलेस स्टीलच्या, अर्धगोल बुडाच्या मोठ्या केटलमध्ये होतं. तिला दोन भिंती असतात. आतल्या भिंतीत रस, आणि दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत, म्हणजे जॅकेटमध्ये, बॉयलरची वाफ. वाफ आणि रस एकमेकांना शिवत नाहीत. उष्णता तेवढी पत्र्यातून पार होते. रस ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत नेला की तो गरम गरमच डब्यात जातो. प्रश्न एवढाच, की या साठ अंशांना वेळ किती लागेल? पहिले तीस अंश अकरा मिनिटांत चढले, तर उरलेले तीस अंशही अकरा मिनिटांत चढायला हवेत, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांना जवळजवळ वीस मिनिटं लागतात.

कारण वाफेच्या स्वभावात आहे. जॅकेटमधली वाफ पत्र्याला टेकली की तिचं पाणी होतं आणि तिच्यातला अप्रकट उष्मा बाहेर पडतो. १ किलो वाफेमागे साधारण २२०० किलोज्यूल इतका तो असतो. दाब बदलला नाही, तर वाफ सांद्रित होताना तिचं तापमान बदलत नाही. गेजवर १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असेल, तर जॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत १२० अंशांवर राहतं. रस मात्र चढत जातो. उष्णता वाहते ती या दोघांच्या तापमानांतल्या फरकामुळे. सुरुवातीला हा फरक ९० अंशांचा असतो, शेवटी ३० अंशांचा उरतो. म्हणजे शेवटी केटल सुरुवातीच्या एकतृतीयांश वेगानेच तापत असते.

आता उदाहरणादाखल आकडे घेऊ. केटलमध्ये ५०० किलो रस आहे. १ किलो रस १ अंशाने तापवायला सुमारे ३.७ किलोज्यूल लागतात. रसात पाणीच जास्त असल्याने हा आकडा पाण्याच्या आकड्याच्या जवळपास आहे. रसाला लागून असलेला तापता पत्रा २.२ चौरस मीटर. राहिला एकच आकडा, तो म्हणजे एकूण उष्णतावहन गुणांक. एक अंश फरक असताना एक चौरस मीटर पत्र्यातून दर सेकंदाला किती उष्णता पार होते, ते तो सांगतो. ढवळणी चालू असलेल्या, स्वच्छ केटलसाठी तो ५०० वॅट धरू. सूत्र असं:

t = (M·c / U·A) × ln[(Ts − T1) / (Ts − T2)]

M म्हणजे रसाचं वजन, c म्हणजे त्याची विशिष्ट उष्मा, U तो गुणांक, A पत्र्याचं क्षेत्रफळ, Ts वाफेचं तापमान, T1 आणि T2 रसाचं सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान. ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम; कॅल्क्युलेटरवर त्याचं वेगळं बटण असतं.

पहिल्या कंसाची किंमत काढली तर १६८२ सेकंद, म्हणजे २८ मिनिटं येते. हा त्या केटलचा स्वतःचा वेळ. दुसऱ्या कंसात ९० भागिले ३०, म्हणजे ३. तीनचा नैसर्गिक लॉगॅरिदम सुमारे १.१. गुणाकार केला की उत्तर जवळजवळ ३१ मिनिटं. याच सूत्राने ३० ते ६० अंशांना ११ मिनिटं आणि ६० ते ९० अंशांना १९ मिनिटं पडतात. सुरुवातीच्या वेगावरून त्रैराशिक मांडणाऱ्याला हेच काम १९ मिनिटांत उरकेल असं वाटतं, आणि त्याचं पुढचं सगळं वेळापत्रक बारा मिनिटांनी चुकतं.

लॉगॅरिदम इथे आला कुठून, हे कागद-पेन्सिलशिवायही पाहता येतं. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बघा आणि रसाचं तापमान न लिहिता, १२० अंश गाठायला किती उरले ते लिहा. स्वच्छ केटलमध्ये आकडे साधारण असे येतात: ९०, ७५, ६३, ५३, ४४, ३७, ३१. दर वेळी अंतराचा जवळजवळ सहावा हिस्सा गळतो. पहिल्या पाच मिनिटांत पंधरा अंश, शेवटच्या पाच मिनिटांत सहा. पण हिस्सा तोच. जी गोष्ट ठरावीक हिस्स्याने घटते तिला अमुक पातळीवर यायला किती वेळ लागेल, हे मोजायचं साधन म्हणजे लॉगॅरिदम. टेबलावर ठेवलेला चहा निवतो तोही याच हिशेबाने. निवण्याचा हा नियम न्यूटनने १७०१ मध्ये मांडला. केटलमध्ये तोच उलट्या दिशेने चालतो.

सूत्रातल्या बाकीच्या राशी मोजता येतात किंवा तक्त्यात सापडतात. फसवणारा आकडा U. उष्णतेच्या वाटेत तीन अडथळे असतात. जॅकेटच्या बाजूने पत्र्यावरून ओघळणारी पाण्याची पातळ साय, मग खुद्द पत्रा, आणि आतल्या बाजूने पत्र्याला बिलगलेला रसाचा संथ थर. आपल्या उदाहरणात पहिल्याचा वाटा एकूण अडथळ्याच्या सुमारे ८ टक्के, ४ मिलिमीटर स्टीलचा १२ टक्के आणि रसाच्या थराचा ८० टक्के. म्हणूनच पत्रा पातळ करून फारसा फायदा होत नाही, आणि ढवळणी बंद पडली की सगळंच बिघडतं. आंब्याचा रस घट्ट. तो पाण्यासारखा आपसूक खालीवर फिरत नाही. पत्र्यालगतचा रस खरवडून मध्यभागी ढकलणारी पाती या केटलमध्ये म्हणूनच महत्त्वाची.

ती पाती झिजली, की चौथा अडथळा जन्माला येतो. रस बुडाला लागतो. समजा, पत्र्यावर लागलेल्या रसाचा अवघा १ मिलिमीटर थर बसला. फळाच्या गरातून उष्णता स्टीलच्या मानाने सुमारे तीस पटींनी सावकाश जाते. त्यामुळे हा एक मिलिमीटर आधीच्या तिन्ही अडथळ्यांच्या बेरजेइतका भरतो. U ५०० वरून २५० वर येतो आणि ३१ मिनिटांचे ६२ होतात. वाफ तीच, गेज तोच, रस तेवढाच. पाच मिनिटांच्या नोंदीत मात्र हे लगेच दिसतं: अंतराचा सहावा हिस्सा गळायच्या ऐवजी बारावा गळू लागतो. दोन-तीन नोंदी झाल्या की पहिल्या पंधरा मिनिटांतच केटल काय सांगते आहे ते कळतं. पूर्ण घाणा होईपर्यंत थांबावं लागत नाही.

अर्थात वेग मंदावला म्हणजे दोष बुडाला लागलेल्या थराचाच, असं नाही. जॅकेटमधलं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप अडकला, तर पाणी खाली साचत जातं आणि पत्र्याचा तेवढा भाग वाफेला मुकतो. सूत्राच्या भाषेत A घटतो. केटलच्या बुडाला बाहेरून जॅकेट वरच्यापेक्षा थंड लागणं, ही त्याची खूण. थर दिवसभरात घाण्यागणिक वाढतो आणि धुतला की जातो. ट्रॅपचा बिघाड बहुधा एकाएकी येतो आणि धुण्याने हटत नाही.

तिसरा दोष हवेचा, आणि तो गेजला फसवतो. रात्रभर बंद राहिलेल्या जॅकेटमध्ये हवा शिरलेली असते. सकाळी वाफ सोडताना ती बाहेर काढली नाही, तर गेज हवा आणि वाफ या दोन्हींचा मिळून दाब दाखवतो. त्यात पाचवा हिस्सा हवेचा असेल, तर वाफ १२० अंशांऐवजी ११३ अंशांवरच सांद्रित होते. एवढ्यानेच ३१ मिनिटांची ३६ होतात. शिवाय हवा पत्र्याभोवती साचून वाफेची वाट अडवते ते वेगळंच. जॅकेटवर गेजच्या जोडीला थर्मामीटर असेल, तर १ किलो दाबाला ११३ अंश हा आकडाच चुगली करतो. एअर व्हेंट उघडून हवा जाऊ दिली की काम सुधारतं.

सूत्राच्याही मर्यादा आहेत. वाफेचं तापमान स्थिर आहे, असं ते गृहीत धरतं. पण पहिल्या मिनिटांत आपली केटल तासाला सुमारे १६० किलो या वेगाने वाफ ओढते, शेवटी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. बॉयलर लहान असेल किंवा एकाच वेळी दोन केटल सुरू केल्या, तर सुरुवातीला दाब पडतो आणि तेवढा वेळ हिशेब लागू होत नाही. उघड्या केटलमधून ७०-८० अंशांपुढे रसाची वाफ उडू लागते. ती उष्णताही सूत्रात नाही. म्हणून झाकण नसेल, तर शेवटचे काही अंश कागदावरच्यापेक्षा आणखी रेंगाळतात.

वेळ वाढायला लागला की कारखान्यात पहिला हात वाफेच्या व्हॉल्व्हकडे जातो. दाब १ वरून ३ किलोवर नेला, तर वाफ सुमारे १४३ अंशांवर जाते आणि स्वच्छ केटलचा वेळ ३१ वरून २१ मिनिटांवर येतो. आकडा मोहात पाडणारा आहे. मात्र आधी जॅकेट आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाला मंजूर असायला हवेत. आणि ज्या केटलमध्ये एक मिलिमीटर थर बसला आहे, तिथे हाच उपाय करून वेळ ६२ वरून ४२ मिनिटांवरच येतो; म्हणजे स्वच्छ केटलला कमी दाबावर लागणाऱ्या वेळापेक्षाही अकरा मिनिटं जास्त. वर पत्रा अधिक तापल्यामुळे रस आणखी लवकर करपतो, थर वाढतो, रंग काळपटतो आणि पुढचा घाणा आणखी लांबतो. घाण्यामागे वीस मिनिटं धुण्यात गेली तरी ६२ ची ३१ होऊन ती सगळी त्याच घाण्यात वसूल होतात, वर अकरा मिनिटं हाती उरतात. म्हणून सहाव्याचा बारावा हिस्सा होताना दिसला, की आधी ट्रॅप आणि हवा तपासावी, ती ठीक असतील तर केटल रिकामी करून घासावी, आणि व्हॉल्व्हला सगळ्यात शेवटी हात लावावा.