आधी भिंतीच्या आतलं

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत घराचं काम काढायचं ठरवलं. १९९४ ची तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर, सव्वासहाशे चौरस फूट. तिने एका ठेकेदाराकडून सगळ्या कामाचं कोटेशन घेतलं होतं. ते ९ लाख ४० हजारांचं होतं. घरात आणीबाणीची रक्कम बाजूला ठेवून हाताशी ३ लाख २० हजार होते आणि महिन्याला १८ हजार बाजूला पडत होते. मी बांधकामाच्या धंद्यात असल्यामुळे तिने कागद माझ्यासमोर टाकला आणि म्हणाली, "दादा, आत्ता नवा ओटा, ट्रॉल्या आणि रंग एवढं करते. बाथरूमचं पुढे बघू."

तिच्या जागी बहुतेक जण हेच म्हणाले असते. रोज डोळ्यांना खुपतं ते आधी बदलावंसं वाटतं. पण टप्प्याटप्प्याने काम करताना मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारतो: पुढचं कुठलं काम हे फोडणार आहे? रंगाला जवळजवळ सगळीच कामं फोडतात. ओट्याला नळाचं आणि विजेचं काम फोडतं. बाथरूमच्या तळातल्या कामाला मात्र नंतरचं कुठलंच काम हात लावत नाही. म्हणजे क्रम खालून वर आणि आतून बाहेर लागतो.

त्याच्याही आधी एक चौकशी करायला मी तिला पाठवलं, ती सोसायटीच्या कार्यालयात. आपल्याकडे आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. त्या अहवालात खांब-तुळयांबद्दल काय लिहिलंय आणि पुनर्विकासाची चर्चा सर्वसाधारण सभेपर्यंत पोचली आहे का, हे कळल्याशिवाय नऊ लाखांचा विचार करण्यात अर्थ नाही. इमारत चार-पाच वर्षांत उतरवायची असेल तर गळती थांबवावी, वायरिंग सुरक्षित करावं आणि कपाटं सुटी घ्यावीत. भिंतीत ठोकलेला पैसा भिंतीबरोबरच जातो. तिच्या इमारतीचा अहवाल ठीक होता, पुनर्विकासाचं नाव नव्हतं. मग आम्ही पुढे गेलो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या संडासाच्या छताला ओल होती आणि त्या जिन्यात भेटल्या की हिला मान खाली घालावी लागे. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी: गच्चीतून किंवा इमारतीच्या बाहेरच्या सामाईक पाइपातून गळत असेल तर खर्च सोसायटीचा, आपल्या बाथरूम, संडास किंवा सिंकमधून गळत असेल तर आपला. म्हणून आधी गळतंय कुठून ते शोधायचं. घरातला मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवला आणि ठिबकणं थांबलं, तर भिंतीतला नळाचा पाइप गंजलाय. कॉक बंद असूनही ओल तशीच आणि आंघोळीनंतर तासाभरात वाढते, तर दोष नहाणीच्या जाळीच्या सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. काकूंकडे दुसरा प्रकार होता. तो बाहेरून सिमेंट थापून किंवा सांध्यांत पांढरं सिमेंट भरून जात नाही. तळ फोडावाच लागतो.

म्हणून पहिला टप्पा संडास-बाथरूमचा ठरला: २ लाख ३० हजार. त्यात मी ३५ हजारांचं आणखी एक काम घालायला लावलं, ते म्हणजे स्वयंपाकघरापर्यंतच्या सगळ्या जुन्या लोखंडी पाइपलाइनी बदलणं. स्वयंपाकघर एक वर्षानंतर होणार होतं, मग पाइप आत्ता कशाला? कारण प्लंबर आत्ता घरात आहे, भिंतीला झिरी पडलेलीच आहे, आणि वर्षाने तीच झिरी नव्या टाइल्स फोडून पाडावी लागली असती. तसंच गीझरची आणि बाथरूममधल्या दिव्याची वायर. घराचं वायरिंग दुसऱ्या टप्प्यात होतं, पण बाथरूमच्या टाइल्समागचा वायरचा पाइप पहिल्याच टप्प्यात जायला हवा होता. गीझरसाठी मीटरच्या बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणली, ती वर्षभर एकटीच नवी होती.

इथेच एक गोम आहे. पैसे टप्प्याने खर्च करता येतात, निर्णय मात्र टप्प्याने घेता येत नाहीत. सिंक कुठे, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र कुठे, वॉशिंग मशीन बाथरूमबाहेर की बाल्कनीत, हे ओटा व्हायच्या वर्षभर आधी कागदावर पक्कं करावं लागलं, नाहीतर पाइपचं तोंड चुकीच्या जागी निघालं असतं. हॉलच्या फरशीचंही तसंच. जुन्या लादीवरच नवी टाइल बसवली तर जमीन साधारण पाऊण इंच वर येते. दाराची फळी खालून कापावी लागते, ते चालून जातं. पण बाथरूमची पातळी आणि उंबरठा त्या हिशोबाने आधीच खाली-वर ठेवलेला नसेल तर हॉल उंच आणि उंबरठा बुटका होतो, आणि आंघोळीचं पाणी बाहेर येतं. फरशीला एक रुपया खर्च करायचा नव्हता तरी फरशीचा निर्णय त्या दिवशी घ्यावा लागला. बहिणीला चकचकीत व्हिट्रिफाइड हवी होती. मी तिला कोपऱ्यातली मोझॅक लादी ओली करून दाखवली. दगडी दाणे अजून शाबूत होते. मशीनने घासून पॉलिश करायला २५ हजारांचा अंदाज आला, नव्या फरशीला १ लाख ४० हजार लागणार होते. ती काही पटकन तयार झाली नाही, भावोजींनी तिची समजूत काढली. (चांगली मोझॅक फोडून राबिटात टाकताना बघितली की मला अजूनही वाईट वाटतं, हे मान्य करतो.) तरी उंबरठा मात्र आम्ही उंचच ठेवला, उद्या तिचं मन बदललं तर.

राखीव रक्कम हा कोटेशनमध्ये कधीच नसलेला आकडा. जुन्या घराच्या तळातल्या कामाला मी १५ टक्के धरतो, २ लाख ६५ हजारांवर साधारण ४० हजार. संडासाखालची जुनी भर काढल्यावर स्लॅबच्या दोन ठिकाणी सळ्या गंजून फुगलेल्या निघाल्या. गंज घासून, सळ्यांना रसायन लावून पुन्हा काँक्रीट भरायला २८ हजार लागले. राखीव नसते तर हे पैसे टाइल्समधून किंवा, त्याहून वाईट, वॉटरप्रूफिंगमधून कापले गेले असते. पहिला टप्पा २ लाख ९३ हजारांत संपला आणि २७ हजार उरले.

ठेकेदाराला पैसे देण्याच्या तारखा मी कामाच्या दोन चाचण्यांना बांधून दिल्या होत्या. पहिली पाइपांची: झिरी बुजवायच्या आधी हातपंपाने पाइपांत दाब भरायचा आणि काही तास काटा हलतो का ते बघायचं. दुसरी तळाची: वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर नहाणीचं तोंड बुजवून दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि ४८ तास खालच्यांचं छत बघायचं. विटांच्या तुकड्यांचा कोबा झाल्यावर हीच चाचणी पुन्हा. मिस्त्री कुरकुरला, दोन-दोन दिवस काम अडतं म्हणाला. अडू दे. टाइल्स बसल्यावर गळती कळली तर टाइल्सचेही पैसे गेले. खुद्द काकू दोन्ही वेळा स्टुलावर चढून छताला हात लावून बघत होत्या.

दुसरा टप्पा वायरिंग आणि ओटा. वायरिंगची लक्षणं घरात दिसतच होती: मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की जुना चिनी मातीचा फ्यूज जाई, आणि एका सॉकेटची कड तपकिरी झाली होती. तपकिरी कड म्हणजे आत सांधा तापतोय, त्याला वर्षापेक्षा जास्त थांबवायचं नाही. ते सॉकेट आम्ही लगेच बंदच करून टाकलं. वायरिंगचे १ लाख २५ हजार, त्यात प्रत्येक खोलीपर्यंत अर्थिंग आणि शॉक जीवघेणा ठरायच्या आत वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. दुसऱ्या बेडरूममध्ये एसी घ्यायचा नव्हता, तरी त्याच्यासाठी रिकामा पाइप आणि आत ओढायची तार घालून ठेवली. आज तो खर्च किरकोळ आहे, रंगानंतर तो राहणार नाही.

स्वयंपाकघराचे २ लाख १० हजार आम्ही फोडले. ग्रॅनाइटचा ओटा, सिंक आणि टाइल्स ८५ हजार; ट्रॉल्या १ लाख २५ हजार. ओटा भिंतीचा भाग आहे, ट्रॉली फर्निचर आहे, आणि कोटेशनमध्ये ती एका ओळीत असली तरी एका वेळी करावी लागत नाहीत. वायरिंग आणि ओटा मिळून २ लाख १० हजार, त्यावर १५ टक्के राखीव, म्हणजे २ लाख ४१ हजार ५००. वर्षभराची शिल्लक आणि उरलेले २७ हजार मिळून २ लाख ४३ हजार झाले. अगदी काठावर, पण कर्ज लागलं नाही.

टप्प्यांचा भुर्दंडही आहे. राबिटाचा टेम्पो दोनदा, सोसायटीची अनामत दोनदा, वर्षात वाढलेली मजुरी, आणि धूळ दोनदा. टाइल्सचं आणखी एक दुखणं: वर्षाने तोच नंबर मिळाला तरी तीच छटा मिळेल असं नाही. म्हणून प्रत्येक टाइलचा एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर टाकला.

रंग अजून व्हायचाय. दिवाळीच्या आधी रंग काढण्याची आपल्याकडे रीतच आहे, पण पावसाळा प्यालेल्या भिंतीवर, त्यातही झिऱ्या बुजवलेल्या ताज्या प्लास्टरवर रंग दिला की काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल, लादीच्या पॉलिशनंतर. ट्रॉल्या त्याच्याही पुढे. कपाटं आणि खोट्या छताचे १ लाख २० हजार यादीत तळाला आहेत आणि खोटं छत तर बहिणीनेच परवा खोडलं.

सध्या ओट्याखाली तिने जुन्या साडीचा पडदा लावलाय. त्याची दांडी बसवायला भावोजी ड्रिल घेऊन उभे राहिले तेव्हा तिने त्यांना थांबवलं आणि मोबाइल काढला. झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून काढलेले फोटो त्यात होते. पाइप दांडीच्या जागेपासून चार इंचांवरून जात होता.