चिठ्ठीवरची तारीख

हर्बेरियममधल्या वाळवलेल्या फांदीखाली जुनी चिठ्ठी असते आणि तिच्यावर शाईने लिहिलेले असते: ‘4/6/28’. भारतीय वा ब्रिटिश संग्राहकाचा हा बहुधा 4 जून, अमेरिकन माणसाचा 6 एप्रिल. सह्याद्रीत पहिली तारीख पावसाच्या तोंडावरची, दुसरी ऐन उन्हाळ्यातली. फुलोऱ्याचा काळ अभ्यासणाऱ्याला हा फरक परवडत नाही.

म्हणून नोंद करणारा ही तारीख तिरक्या रेघांसकट जशीच्या तशी उतरवतो. जैवविविधतेच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोअर या मानकात त्यासाठी `verbatimEventDate` हा रकाना आहे. लावलेला अर्थ `eventDate` मध्ये, वेगळा.

अर्थ लागतो तो बहुधा शेजारच्या चिठ्ठीवरून. त्याच हाताची ‘23/6/28’ सापडली, की दिवस आधी लिहायची सवय कळते, कारण तेविसावा महिना नसतो. तरीही मूळ नोंदीला हात लावायचा नाही. अंदाज चुकलाच, तर परतायला जागा हवी.

खरा घात एक्सेल करते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते ‘28’ चे न विचारता 2028 करून टाकते! तेव्हा टंकायला बसण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या.