फोटोतल्या रस्त्यावर माणूस उभा करताना

एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी मुंबईतल्या दादाभाई नौरोजी रस्त्याचा फोटो घेतला आहे, असं समजू. रविवारची सकाळ, रहदारी नावालाच, एका अंगाला दगडी कमानींच्या जुन्या इमारतींची रांग. या रस्त्यात पैठणी नेसलेली एक बाई उभी दिसायला हवी, आणि तिचा फोटो स्टुडिओत वेगळा काढला आहे. डिझायनर तिची आकृती सफाईने कापून घेतो, केसांची बट न् बट जपतो, रंग जुळवतो, पायाखाली सावलीही टाकतो. तरी पाहणारा पहिल्याच नजरेत म्हणतो, ‘चिकटवल्यासारखी वाटते.’

मग खटपट सुरू होते. बाई थोडी लहान करून पाहायची, मग मोठी, मग जरा खाली सरकवायची. कधी ती कमानीपेक्षा थोराड दिसते, कधी बाहुलीएवढी, कधी जमिनीपासून बोटभर वर तरंगते. अंदाजाने हे कधी तरी जमतं, बहुतेकदा जमत नाही. आणि हा अंदाजाचा मामला नाहीच. बाई किती उंच दिसायला हवी, हे रस्त्याचा फोटो स्वतःच सांगतो. त्यासाठी आधी त्या फोटोतली क्षितिजरेषा शोधावी लागते.

सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर फोटोतली क्षितिजरेषा त्या रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूला जमिनीपासून बरोबर दीड मीटरवर छेदते. माणूस समोर असो की पार टोकाला, ही रेषा त्याला एकाच जागी कापते. लांबचा माणूस लहान दिसतो, पण त्याचं डोकं त्या रेषेपासून हलत नाही. फक्त पाय वर वर सरकत जातात.

चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. इटलीतल्या लिओन बातिस्ता अल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात, चित्राचा मध्यवर्ती बिंदू चित्रातल्या माणसाच्या उंचीपेक्षा वर नसावा, असा सल्ला दिला होता. म्हणजे पाहणारा आणि चित्रातली माणसं एकाच जमिनीवर उभी आहेत असं वाटतं. रस्त्याच्या चित्रात हे पाहायचं असेल, तर गुस्ताव्ह कायबोत या फ्रेंच चित्रकाराने १८७७ मध्ये रंगवलेलं पॅरिसचं पावसाळी चित्र पाहावं. ते आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. उजवीकडे अगदी पुढ्यात छत्रीखालचं जोडपं आहे, मागे चौक ओलांडणारी बोटाएवढी माणसं आहेत. त्यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण डोकी जवळपास एकाच आडव्या रेषेत आहेत. तो चौक खरा वाटतो तो यामुळे.

आता ही रेषा आपल्या फोटोत शोधायची कशी? फुटपाथची कड, इमारतींच्या सज्जांच्या कडा, खिडक्यांच्या पट्ट्या या प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असलेल्या रेषा फोटोत लांबवल्या की एका बिंदूत मिळतात. हा व्हॅनिशिंग पॉइंट. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये वेगळ्या लेयरवर अशा चार-पाच रेषा ओढायच्या आणि त्यांच्या छेदबिंदूतून आडवी रेघ मारायची. फोटो घेताना कॅमेरा डावी-उजवीकडे कललेला नसेल, तर हीच क्षितिजरेषा. ती फोटोच्या मधोमध असेल असं गृहीत धरू नये. कॅमेरा किंचित वर किंवा खाली रोखलेला असला, किंवा फोटो नंतर कापलेला असला, की ती मधून सरकते.

मुखपृष्ठाच्या फोटोचे आकडे घेऊ. फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे. कॅमेरा दीड मीटर उंचीवर अगदी सरळ धरलेला होता, म्हणून क्षितिजरेषा वरून २००० पिक्सेलवर आली. बाईचे पाय ३००० पिक्सेलवर टेकवायचे आहेत. पायापासून क्षितिजापर्यंत १००० पिक्सेल झाले, आणि हे अंतर म्हणजे त्या जागी १५० सेंटिमीटर. बाईची उंची १६० सेंटिमीटर असेल, तर ती १६० भागिले १५० गुणिले १००० म्हणजे १०६७ पिक्सेल दिसायला हवी. तिला आणखी मागे, २५०० पिक्सेलवर उभं केलं, तर ५०० पिक्सेलचे १५० सेंटिमीटर होतात आणि तिची उंची ५३३ पिक्सेल येते. दोन्ही ठिकाणी तिचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, कारण १६० सेंटिमीटर उंच माणसाचे डोळे साधारण १५० सेंटिमीटरवर असतात.

कॅमेऱ्याची उंची ठाऊक नसेल, तर ती फोटोतूनच काढता येते. रस्त्यात उभी असलेली मोटारसायकल बघा. तिचा हँडल जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतो. टायरच्या टेकूपासून हँडलपर्यंत ४०० पिक्सेल आणि तिथून क्षितिजरेषेपर्यंत आणखी २०० पिक्सेल भरले, तर कॅमेरा दीड मीटरवर होता. दरवाजा किंवा एखादा वाटसरूही हेच काम करतो.

फुटपाथ मात्र हमखास चकवतो. तो रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंच असेल, तर त्यावर उभ्या माणसाच्या पायापासून क्षितिजरेषा दीड मीटरवर उरत नाही, ती १३५ सेंटिमीटरवर येते. डिझायनरने बाई फुटपाथवर उभी केली आणि हिशेब रस्त्याचाच ठेवला, तर १६० सेंटिमीटरची बाई १४४ सेंटिमीटरची दिसते. शेजारी दुकानाचं दार असेल, तर ही चूक झाकत नाही. चढाच्या रस्त्यावर आणखी वेगळं घडतं. तिथे फुटपाथच्या कडा क्षितिजाच्या वर जाऊन मिळतात, पण इमारतींच्या सज्जांच्या आडव्या कडा खऱ्या क्षितिजावरच मिळतात. अशा फोटोत माणसाचा आकार फुटपाथच्या कडांनी दिलेल्या वरच्या रेषेवरून मोजायचा. तो माणूस कॅमेऱ्याला वरून दिसतो की खालून, हे मात्र खऱ्या क्षितिजावरून ठरवायचं.

आकार जुळला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं फोटोशॉपमध्ये करताच येत नाही, कारण ते बाईचा फोटो घेतानाच ठरलेलं असतं.

स्टुडिओत फोटोग्राफर बऱ्याचदा गुडघ्यावर बसून, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरतो. त्याने माणूस उंच आणि रुबाबदार दिसतो. पण त्या फोटोत क्षितिज कमरेला आहे, आणि रस्त्याच्या फोटोत डोळ्यांना. पैठणी नेसलेल्या त्या बाईचा कमरपट्टा आणि तिच्या निऱ्यांचा काठ निरखून पाहा. रस्त्यावरच्या दीड मीटर उंच कॅमेऱ्याला तिची कंबर वरून दिसायला हवी, म्हणजे कमरपट्ट्याची रेषा मध्यभागी खाली वाकलेली आणि पायाजवळचा काठ त्याहून जास्त वाकलेला. कॅमेरा कमरेएवढाच खाली असेल, तर कमरपट्टा सपाट दिसतो, दंडावरच्या वाक्यांची रेषा वर वाकते आणि हनुवटीचा खालचा भाग दिसू लागतो. अशी बाई कितीही अचूक मापात बसवली, तरी ती दुसऱ्याच उंचीवरून पाहिलेली राहते. तिला लहान-मोठं करून हे सुटत नाही. फोटो पुन्हा काढणं हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. पर्स्पेक्टिव्ह लेन्सवर अवलंबून असतं असा समज सार्वत्रिक आहे, पण ते ठरतं कॅमेरा आणि माणूस यांच्यातल्या अंतराने. लेन्स फक्त त्यातला किती भाग फ्रेममध्ये घ्यायचा ते ठरवते. आपला रस्ता फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्सने घेतला असेल, तर ३००० पिक्सेलवर पाय टेकवलेली बाई कॅमेऱ्यापासून बरोबर ६ मीटरवर उभी आहे, आणि २५०० पिक्सेलवरची १२ मीटरवर. सहा मीटरवरून दीड मीटर उंचीचा कॅमेरा तिच्या पावलांकडे सुमारे १४ अंशांनी खाली बघतो. तिचा फोटो लहान खोलीत अडीच मीटरवरून काढला असेल, तर हाच कोन ३१ अंश होतो. मग तिच्या पावलांचा वरचा भाग जास्त दिसतो, आणि रस्त्यावर ठेवल्यावर ती पुढे झुकलेल्या उतारावर उभी असल्यासारखी वाटते. जमिनीपासून बोटभर वर तरंगणाऱ्या बाईचं मूळ बहुतेकदा इथे असतं; सावली कितीही गडद केली तरी ती खाली उतरत नाही.

म्हणून स्टुडिओत कॅमेरा दीड मीटरवर, बाईपासून सहा मीटरवर, आणि सरळ हवा. लेन्स २४ मिलिमीटरचीच असायला हवी असं नाही. ५० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर सहा मीटरवर सव्वाचार मीटरहून जास्त उंची मावते आणि बाई पायांसकट आरामात येते. ८५ मिलिमीटर लावली तर मात्र सरळ धरलेल्या कॅमेऱ्यातून पावलं कापली जातात, आणि ती घेण्यासाठी कॅमेरा खाली झुकवला की आकृतीच्या उभ्या रेषा तिरक्या होऊ लागतात.

एवढं सगळं साधूनही बाईला फ्रेमच्या अगदी कडेला ठेवायचं असेल, तर थोडं थांबावं. २४ मिलिमीटरची लेन्स कडेच्या माणसांना आडवं ताणते. अगदी काठावरचा माणूस मधल्यापेक्षा सुमारे सव्वापट रुंद दिसतो. स्टुडिओत फ्रेमच्या मधोमध उभी असलेली बाई तशीच नेऊन काठावर ठेवली, तर शेजारच्या वाटसरूंच्या तुलनेत ती कृश दिसेल. मुखपृष्ठावरच्या बाईला जाणूनबुजून सव्वापट रुंद करणं कोणत्याच संपादकाला रुचणार नाही, तेव्हा तिला मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवणं शहाणपणाचं.

रस्त्यावर फोटो काढायला जाताना सोबत मोजपट्टी असू द्या. लेन्स किती मिलिमीटरची होती, वेळ काय होती, हे कॅमेरा फाइलमध्ये आपोआप नोंदवतो. आपण स्वतः रस्त्यापासून किती उंचीवर होतो, ते तो कुठेच लिहीत नाही. ती उंची मोजा, लिहून घ्या, आणि स्टुडिओतल्या फोटोग्राफरला बाईचा फोटो काढण्याआधी कळवा.