लोकलच्या डब्यातली कुजबुज

ठाण्याच्या कचेरीत दुपारी घडलेली गोष्ट संध्याकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उतरते, हा आमच्याकडचा जुना अनुभव. कचेरी एक, परतीची लोकल एक आणि पुष्कळदा राहण्याची वसाहतही एकच. एरवी या ओळखींचा आधार वाटतो. पण एखादीने कचेरीतल्या लैंगिक छळाची लेखी तक्रार केली असेल आणि चौकशी चालू असेल, तर याच ओळखी तिला नकोशा होतात. निकाल लागायच्या आत महिलांच्या डब्यात तिच्यावरच निकाल लागलेला असतो.

या छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यातले सोळावे कलम सांगते की, तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, साक्षीदार व ज्याच्यावर आरोप आहे त्याची ओळख, चौकशीतला तपशील, यांतले काहीही जनतेला किंवा वृत्तपत्रांना कळू द्यायचे नाही. माहितीच्या अधिकाराखालीही ते मिळत नाही. सतरावे कलम शिक्षेचे. कचेरीच्या सेवानियमांत तरतूद असेल तर त्यानुसार, नसेल तर पाच हजार रुपये दंड. मात्र ही शिक्षा आहे ज्यांच्यावर तक्रार हाताळण्याची जबाबदारी सोपवलेली आहे त्यांनाच. शेजारच्या टेबलावरचा कुजबुजणारा सहकारी तिच्या कक्षेत येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की बातमी फुटली कुठून? समजा, डोंबिवलीची एक बाई ठाण्यात नोकरीला आहे. तिने तक्रारीच्या सहा प्रती अंतर्गत समितीकडे दिल्या. समिती सात कामाच्या दिवसांत त्यातली एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पाठवते. म्हणजे मजकूर, साक्षीदारांची नावे, सगळे त्याच्या हाती रीतसर पोहोचते. आठवड्याभराने डब्यात कोणी म्हणाले, ‘ही समितीपुढे गेली होती म्हणे,’ तर ते कोणी नुसते पाहिलेले असू शकते. पण कुजबुजीत तक्रारीतलेच एखादे वाक्य ऐकू आले, तर ते कागद वाचलेल्याच माणसाकडून आले असणार. समितीपुढच्या जबानीतले काही असेल, तर त्या खोलीत कोण कोण होते ते पाहायचे.

फुटलेल्या बातमीची टिपणे त्याच रात्री करावीत. तारीख, ऐकलेले शब्द जसेच्या तसे, कोणी सांगितले आणि त्याला कोणी सांगितले. मोबाइलवरचा संदेश असेल तर त्याचे चित्र घ्यावे आणि मूळ संदेशही पुसू नये. मग समितीच्या अध्यक्षांकडे वेगळा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आमच्या बँकेत रुजू होतानाच गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेत. साध्या कारकुनालाही ती सही पुढे आठवत असे. समितीनेही साक्षीदारांकडून आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडून पहिल्याच दिवशी असे पत्र घ्यावे, ही मागणी तक्रारीबरोबरच करावी. असे पत्र असले की पुढे ते मोडल्याबद्दल सेवानियमांखाली कारवाई मागता येते.

समितीचाच सदस्य बोलला असेल, तर कायद्यानुसार त्याला समितीतून काढावे लागते आणि रिकामी जागा भरावी लागते. आरोप असलेलाच कुजबूज पसरवत असेल, तर चौकशी चालू असताना तिला लेखी विनंती करून अंतरिम दिलासा मागता येतो. दोघांपैकी एकाची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा. रजेचा आग्रह मात्र बाहेरून होऊ लागला तर सावध व्हावे; बदनामी झालेलीच घरी बसते आणि टेबलाभोवतीची चर्चा आणखी रंगते. कायद्याने अपमानास्पद वागणूक आणि प्रतिकूल वातावरण यांचाही छळाच्या संदर्भात विचार केला आहे. तेव्हा ही नवी बदनामी त्याच चौकशीपुढे मांडावी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यात अशी समिती नसते. तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे.

प्रकरण न्यायालयात गेले तर? 24 सप्टेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा एका प्रकरणात कार्यपद्धतीच आखून दिली. त्या प्रकरणाचे नावच ‘पी विरुद्ध ए’. आदेशात पक्षकारांची नावे यायची नाहीत, सुनावणी न्यायमूर्तींच्या दालनात किंवा बंद दाराआड, आणि परवानगीशिवाय वृत्तपत्रांकडे काही उघड केले तर तो न्यायालयाचा अवमान. या शिस्तीचा काही अंश कचेऱ्यांत आला तरी पुष्कळ होईल.

नवरा, आई, डॉक्टर, वकील यांच्याशी बोलायला कायदा आड येत नाही. ते काही जनतेपुढे जाणे नव्हे. डब्यात मात्र कोणी ‘खरं काय झालं गं?’ म्हणून विचारले, तर मैत्रिणीलासुद्धा खुलासा देऊ नये. संध्याकाळी तोच खुलासा, थोडा तिखटमीठ लागून, समितीपुढे ‘हिनेच वाच्यता केली’ म्हणून दाखवला जातो.