कापलेल्या पैशांचा ईमेल

सोलापुरातला एखादा छोटा चादर विक्रेता डोळ्यांसमोर आणू. एका ऑनलाइन बाजारपेठेवर तो चादरी विकतो. दर आठवड्याला बँकेत सेटलमेंटची रक्कम जमा होते. एका आठवड्यात ती नेहमीपेक्षा कमी आली, म्हणून त्याने पेमेंट रिपोर्ट उघडला. तीच चादर, तेच पॅकिंग, पण २३ ऑर्डरींवर पाठवणीचे शुल्क ९५ रुपयांऐवजी १४५ रुपये लागले होते. त्याने लगेच सपोर्टला लिहिले, ‘माझे पैसे चुकीचे कापले आहेत, कृपया परत करा.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आले: शुल्क रेटकार्डप्रमाणेच आकारले आहे. तक्रार बंद.

हे उदाहरण कल्पित असले, तरी असा व्यवहार अनेक विक्रेत्यांच्या ओळखीचा आहे. आणि ते उत्तर खोटेही नव्हते. १४५ रुपये हा दर रेटकार्डात होताच, पण तो दुसऱ्याच वजनाचा होता. चूक दरात नव्हती, मापात होती. ईमेलमध्ये नेमके हेच आले नव्हते.

पाठवणीचे शुल्क पार्सलच्या प्रत्यक्ष वजनावर किंवा त्याच्या आकारमानी वजनावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर ठरते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५०००ने भागायचे, की किलोमधले आकारमानी वजन मिळते. भारतात हाच भागाकार सर्रास वापरला जातो, तरी आपल्या रेटकार्डातला आकडा एकदा पाहून घ्यावा. चादरीचे पाकीट ३५ × २८ × ६ सेंटिमीटरचे आहे. गुणाकार ५८८०, म्हणजे आकारमानी वजन १.१७६ किलो. काट्यावर ते १.१ किलो भरते. दोन्ही आकडे दीड किलोच्या स्लॅबमध्ये बसतात. समजा, पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला २५ रुपये असा दर आहे. मग शुल्क ९५ रुपये होते.

१४५ रुपये कुठून आले? हा दर अडीच किलोच्या स्लॅबचा आहे. विक्रेत्याने रिपोर्टमधले आकारलेले वजन पाहिले, तर ते २.३५२ किलो होते, बरोबर दुप्पट. ३५ × २८ × १२ केले की हाच आकडा येतो. लांबी-रुंदी तीच, फक्त उंची दुप्पट. गोदामातल्या पट्ट्यावर पार्सलचे माप यंत्र घेते. दोन पाकिटे एकमेकांवर चढून यंत्राखालून गेली, तर ते त्यांना एकच पार्सल समजू शकते. नेमके हेच घडले असे विक्रेत्याला सिद्ध करता येत नाही, पण कुठे तपासायचे हे तो दाखवू शकतो. सपोर्टच्या माणसालाही तेच हवे असते. त्याच्यासमोर रोज शेकडो तक्रारी असतात आणि ‘अन्याय झाला’ या वाक्यात तपासण्यासारखे काहीच नसते.

आता रक्कम. प्रत्येक ऑर्डरीमागे फरक ५० रुपयांचा. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९ रुपये, एकूण ५९. तेवीस ऑर्डरींचे १३५७ रुपये. नोंदणीकृत विक्रेत्याला जीएसटीचा भाग इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो, तरी मागणी करासहितच करावी आणि क्रेडिट नोट मागावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हिशेबात गोंधळ राहत नाही.

इथे एक काळजी घ्यावी. रिपोर्टमधली प्रत्येक वजावट शुल्क नसते. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे आणि आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के. या रकमा सरकारकडे जमा होतात. टीसीएस जीएसटी पोर्टलवर दिसतो, टीडीएस आयकर पोर्टलवर. त्याही रकमा चुकीच्या कापल्या म्हणून मागितल्या, तर खऱ्या मागणीवरचा विश्वासही उडतो.

नव्याने लिहिलेला ईमेल असा असेल:

*विषय: २३ ऑर्डरींवर चुकीचे वजन आकारले, १३५७ रुपये परत मिळावेत, केस क्रमांक (मागच्या तक्रारीचा)*

*महोदय, आमचा आक्षेप रेटकार्डातल्या दरावर नाही, पार्सलच्या मापावर आहे. सोबतच्या २३ ऑर्डरींमध्ये एकाच उत्पादनाचे वजन २.३५२ किलो धरले आहे. पाकिटाचे माप ३५ × २८ × ६ सेंटिमीटर असून आकारमानी वजन १.१७६ किलो होते. आकारलेल्या वजनात उंची १२ सेंटिमीटर धरलेली दिसते. याच उत्पादनाच्या आधीच्या ऑर्डरींवर दीड किलोचाच दर लागला आहे.*

*विनंती: १) या ऑर्डरींची यंत्राने घेतलेली लांबी, रुंदी, उंची आणि छायाचित्र पाठवावे. २) फरकाचे ११५० रुपये व त्यावरचा जीएसटी २०७ रुपये क्रेडिट नोटसह परत करावे. ३) पुढच्या पार्सलांसाठी उत्पादनाचे माप पुन्हा घ्यावे.*

सोबतच्या तक्त्यात प्रत्येक ऑर्डरीची एक ओळ असते: ऑर्डर क्रमांक, कुरियरचा ट्रॅकिंग क्रमांक, उत्पादनाचा एसकेयू, सेटलमेंटची तारीख, आकारलेले वजन, योग्य वजन आणि फरक. ग्राहकाचे नाव, पत्ता किंवा फोन तिथे नको. त्याची गरजही नाही.

पुरावा म्हणून तीन फोटो पुरतात: काट्यावर ठेवलेले पाकीट, उंचीला लावलेली मोजपट्टी आणि लेबल वाचता येईल असे पूर्ण पाकीट. आज काढलेला फोटो मागच्या महिन्यातल्या पार्सलचा पुरावा ठरत नाही, हे सपोर्टलाही कळते. म्हणूनच आधीच्या, योग्य दर लागलेल्या ऑर्डरींचा दाखला जास्त वजनदार ठरतो. असा आक्षेप नोंदवायची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची किंवा आठवड्यांची असते, म्हणून दर सेटलमेंटला वजनाचा रकाना पाहणे बरे.

पूर्ण रक्कमच थांबली असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असतो: रक्कम रोखली आहे, की बँकेकडे निघून परत फिरली? निघाली असेल, तर यूटीआर क्रमांक मागावा आणि तो बँकेत दाखवावा. रोखली असेल, तर कारण विचारावे. बँक खात्याची पडताळणी, खात्यावरचे नाव आणि जीएसटी नोंदणीतले नाव यांतली तफावत किंवा परताव्यांसाठी राखून ठेवलेली रक्कम, यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

तेच ठरावीक उत्तर पुन्हा आले, तर नवी तक्रार उघडू नये. त्याच केसमध्ये एका ओळीत लिहावे, ‘मागितलेले माप व छायाचित्र मिळाले नाही.’ त्यानंतरही काही हलले नाही, तर प्रकरण वरच्या पातळीवर न्यावे. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अशी तरतूद आहे, पण ती ग्राहकांच्या तक्रारींसाठी आहे. विक्रेत्याचा आधार म्हणजे बाजारपेठेशी झालेला करार. त्यातली वाद-निवारणाची कलमे आणि लवादाचे ठिकाण आधीच वाचून ठेवावे.

‘पैसे परत केले’ असा ईमेल आला म्हणून फाइल बंद करू नये. पुढच्या सेटलमेंटमध्ये २३ही ऑर्डर क्रमांक एकेक करून जुळवावेत आणि क्रेडिट नोट हाती आल्यावरच केस मिटली असे कळवावे.