चार, दहा, चौदा, चाळीस: मँडरिन उच्चारांची तालीम

जिभेची बोबडी वळवणाऱ्या वाक्यांना मँडरिन चिनीत ‘राओखौलिंग’ म्हणतात. चिनी मुलं ती खेळ म्हणून घोकतात, ‘शियांगशंग’ या विनोदी संवादकलेचे कलाकार ती रियाज म्हणून म्हणतात आणि निवेदकांच्या प्रशिक्षणातही ती असतात. परदेशी विद्यार्थ्यासाठी त्यांचं मोल थोडं वेगळं आहे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ कुठल्याही पट्टीत म्हटलं तरी पापड पापडच राहतो. मँडरिनमध्ये मात्र आवाजाची चढ-उतार बदलली की शब्दच बदलतो. त्यामुळे राओखौलिंग म्हणताना सुरुवातीचं व्यंजन आणि सूर ही दोन्ही कामं एकाच वेळी सांभाळावी लागतात.

सूर चार. पहिला उंच आणि सपाट, दुसरा मध्यावरून वर चढणारा, तिसरा खाली राहणारा, चौथा उंचावरून झपकन उतरणारा. याशिवाय काही अक्षरं हलकी, सूर न लावता उच्चारली जातात. यांतला दुसरा आणि चौथा सूर पक्का करायला सर्वांत प्रसिद्ध राओखौलिंग अगदी छोटं आहे. त्याचा अर्थ ‘चार म्हणजे चार, दहा म्हणजे दहा, चौदा म्हणजे चौदा, चाळीस म्हणजे चाळीस’ एवढाच. चढत्या सुराला ↗ आणि उतरत्या सुराला ↘ अशी खूण केली, तर ते असं दिसतं:

सि↘ षि↘ सि↘
षि↗ षि↘ षि↗
षि↗सि↘ षि↘ षि↗सि↘
सि↘षि↗ षि↘ सि↘षि↗

सि↘ म्हणजे चार, षि↗ म्हणजे दहा आणि षि↘ म्हणजे ‘आहे’. चार आणि ‘आहे’ यांचा सूर एकच, फरक फक्त व्यंजनाचा. दहा आणि ‘आहे’ यांचं व्यंजन एकच, फरक फक्त सुराचा. सोळा अक्षरांत ही दोन्ही भांडणं इतकी जवळ आणून ठेवली आहेत, की एक सांभाळताना दुसरं हातचं सुटतं.

आधी व्यंजनं पाहू. मराठीत आपण लिहिताना ‘श’ आणि ‘ष’ वेगळे ठेवतो, पण बोलताना बहुतेक जण दोन्ही सारखेच उच्चारतात. मँडरिनमध्ये ही सवय नडते, कारण तिथे मराठी ‘शी’च्या जवळचं अक्षर वेगळं आहे आणि त्याचे शब्दही वेगळे आहेत. इथला ‘ष’ काढायचा तर ‘ट’ म्हणताना जीभ जिथे टेकते त्याच्या किंचित पुढे तिचं टोक न्यायचं, पण टेकवायचं नाही, फटीतून हवा सोडायची. ‘स’साठी तेच टोक दातांमागे. वर लिहिलेली ‘इ’ ही केवळ लिहिण्याची सोय आहे. प्रत्यक्षात व्यंजन काढताना जीभ जिथे असते तिथून ती हलत नाही, फक्त त्यात कंठाचा आवाज मिसळतो. ‘सी’ आणि ‘शी’ असं स्पष्ट ऐकू आलं, ओठ हसल्यासारखे ताणले गेले, की उच्चार चुकला हे ओळखावं.

सुरांमध्ये मराठी माणूस एका ठरावीक ठिकाणी घसरतो. आपलं साधं विधान शेवटी खाली उतरतं. या राओखौलिंगाची शेवटची ओळ मात्र ‘चाळीस’वर, म्हणजे चढत्या सुरावर संपते. सवयीने तो सूर खाली येतो आणि ‘सि↘षि↗’चं ‘सि↘षि↘’ होतं. चाळीसच्या जागी ‘चार आहे’ असं काहीतरी अर्धवट ऐकू येतं. प्रश्न विचारल्यासारखं वाटेल या भीतीनेही अनेक जण चढ अर्धवट सोडतात. दुसरी चूक उलट्या टोकाची. चौथ्या सुरानंतर आवाज खाली गेलेला असतो आणि चढ तिथूनच सुरू केला, तर वर पोचायला वेळच उरत नाही. असा षि↗ ऐकणाऱ्याला तिसऱ्या सुरातला वाटतो. म्हणून उतरल्यावर आवाज पुन्हा मध्यावर आणायचा आणि मग चढायचं.

प्रौढ विद्यार्थी इथे घाई करतात आणि बहुतेक बिघाड घाईतूनच येतो. वेग वाढवताना आधी सूर सपाट होतात, मग जीभ ‘स’ आणि ‘ष’ यांच्या मधोमध कुठेतरी मुक्काम करते. तेव्हा पहिल्या टप्प्यात व्यंजनं बाजूला ठेवून सोळाच्या सोळा सूर नुसत्या हुंकाराने म्हणावेत. दुसऱ्या टप्प्यात सूर बाजूला ठेवून एकाच पट्टीत व्यंजनं म्हणावीत, म्हणजे जीभ मागेपुढे कशी फिरते ते कळतं. दोन्ही स्वच्छ झाल्यावरच ती जोडायची. जोडल्यावर सेकंदाला एक अक्षर, म्हणजे सगळं सोळा सेकंदांत. मेट्रोनोमचं ॲप साठच्या ठोक्यावर लावलं की काम भागतं. सलग तीनदा स्वच्छ आलं, तर ठोका दहाने वाढवायचा. दोनदा चुकलं, तर मुकाट्याने मागच्या वेगावर यायचं. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. जीभ थकल्यावर केलेली घोकणी चुकीचाच सराव पक्का करते.

संथ वेगालाही मर्यादा आहे. एकेक अक्षर सुटं म्हटलं की प्रत्येक चौथा सूर तळापर्यंत उतरतो. बोलताना मात्र दोन चौथे सूर लागोपाठ आले, तर पहिला अर्ध्यावरच थांबतो. त्यामुळे ठोका ऐंशीच्या पुढे गेला की एका दमात एक अक्षर न घेता एक ओळ घ्यावी, आणि ओळींमध्ये थांबावं. अस्खलित मँडरिन सेकंदाला साधारण पाच अक्षरांनी चालते. त्या हिशोबाने हे सगळं तीन-चार सेकंदांत व्हायला हवं. पण विद्यार्थ्याला ओळींमधल्या विरामांसह सहा सेकंदांत स्वच्छ जमलं, तर तिथे थांबायला काहीच हरकत नाही.

जमलं की नाही, हे स्वतःच्या कानाने ठरवू नये. काय म्हणायचं आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे कान चूक झाकून घेतो. मँडरिन जाणणाऱ्या कुणासमोर चार, दहा, चौदा, चाळीस हे चार शब्द उलटसुलट क्रमाने वीस वेळा म्हणावेत आणि त्याने ऐकलेला आकडा कागदावर लिहावा. चारऐवजी दहा किंवा चौदाऐवजी चाळीस लिहिलं गेलं, तर दोष कुठला हे लगेच कळतं. चिनी माणसांनाही ही अडचण चुकलेली नाही. दक्षिण चीनमध्ये आणि तैवानमध्ये पुष्कळ लोक बोलताना ‘ष’चा ‘स’ करतात. तिथे चार आणि दहा यांतला फरक सुरावरच टिकतो आणि शंका आली तर दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवून दहा दाखवतात. यावरून प्रौढ विद्यार्थ्याने प्राधान्यही ठरवावं: व्यंजन थोडं कच्चं राहिलं तर एक वेळ निभावतं, सूर चुकला तर निभावत नाही.

या राओखौलिंगात पहिला आणि तिसरा सूर नाही. त्यासाठी ‘आठशे खुणेचे सैनिक उत्तरेच्या उताराकडे धावतात’ अशा अर्थाचं दुसरं घ्यावं. त्यात ओठांचा कस लागतो. रोमन लिपीत ‘बी’ने लिहिलेलं व्यंजन मँडरिनमध्ये ‘प’ असतं, ‘ब’ नव्हे. आणि ‘पी’ने लिहिलेलं ‘फ’, तेही दोन्ही ओठ मिटून, दात न लावता. ‘आठशे’ म्हणजे ‘पा-पाइ’, ‘उत्तरेचा उतार’ म्हणजे ‘पेइ-फो’. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा भेद मराठीत असल्याने तो जमायला सोपा जातो. आड येतं ते फक्त रोमन अक्षर. म्हणून पहिल्या आठवड्यात हे वाक्य देवनागरीत लिहून घोकणंच बरं. ‘पाइ’ आणि ‘पेइ’ ही तिसऱ्या सुरातली अक्षरं आहेत. पाठ्यपुस्तकात हा सूर खाली जाऊन वर येताना दाखवतात, पण ‘पेइ-फो’मध्ये पुढे पहिला सूर येत असल्याने ‘पेइ’ नुसता खालीच ठेवायचा, वर आणायचा नाही.